गळ्यावरून थेट पोटावर

शेवंतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडव्याच्या चौकात पत्रकं वाटून राहिलो होतो. फोनवर तिची सून संगीता मोठ्याने रडत होती, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटला. त्या घरात एके काळी रडणं म्हणजे गुन्हा होता.

मुर्रीचं ते घर. मावशीचा एकुलता एक मुलगा, संगीताचा नवरा राजू, नवेगाव बांधहून येताना ट्रकखाली गेला. मावशी लगेच ध्यानाच्या शिबिराला गेली आणि शांत होऊन परतली. इतकी शांत, की वस्तीतले लोक पाया पडायला येऊ लागले. मला ती शांतता बघवत नसे. कशी आहेस, हे विचारून व्हायच्या आत ‘सगळं अनित्य आहे’ हे उत्तर तयार. राजूचं नाव निघालं की डोळे मिटणार. त्याला आवडणारी मासळी घरात बंद. ध्यानाची बैठक लांबत चाललेली, आणि मध्ये कोणी दाराची कडी वाजवली की संताप. झोपेत दात इतके आवळायची की सकाळी जबडा धरून बसे. संगीता रडली तर वर उपदेश, आसक्ती सोड! अरे, ही कसली करुणा? अनित्य म्हणजे दुःख येतं आणि जातं. येऊच द्यायचं नाही, असं कोणी सांगितलं?

एका दुपारी भात वाढता वाढता संगीताने विचारलं, “आई, तुमाले दुखतच नाही का?”

मावशी खोलीत गेली, कडी लावली, बसली. तिची रीत अशी, की डोक्यापासून पायापर्यंत एकेका अंगावरून मन न्यायचं आणि जे जाणवेल ते नुसतं पाहायचं. बैठक मोडून ती कधी उठत नसे. त्या दिवशी उठली... चुलीपाशी येऊन सुनेला टेकून बसली.

“पोरी, मी गळ्यावरून थेट पोटावर जात होती. छाती सोडूनच देत होती. तिथं राजू हाय.”

मग दोघी अशा रडल्या, की शेजारी धावत आले.

आता ध्यान सोडणार ना, असं मी जरा आशेनेच विचारलं. “कायले? ध्यान खोटं नोहोतं बापा. मी त्यात लपून राहिली होती. आता छातीवर थांबते. लयच झालं त डोळे उघडते, संगीताचा हात धरते. उठल्यावर माणसं जवळची वाटली त बरोबर. दूर वाटली, त समज, पळून राहिलो.”

त्यानंतर वस्तीत कोणाकडे मरण झालं आणि कुणी शहाणा ‘शांत राहा’ म्हणू लागला, की मावशी त्यालाच गप्प करी. राजूच्या वाढदिवसाला घरात पुन्हा मासळी शिजली. खाताना ती रडलीही, आणि त्याच्या खोड्या सांगून हसलीही.

तिच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अख्खी वस्ती मनसोक्त रडली. संयमाचं प्रवचन द्यायची कोणाची छाती झाली नाही. जिंकली मावशी!

परवा गेलो तर खोलीत तीच चटई होती. दाराची कडी मावशीने कधीच काढून टाकलेली, फक्त खिळ्यांची भोकं उरलीत. आत संगीता डोळे मिटून बसली होती. मध्येच तिला एक हुंदका आला... दार उघडंच होतं. ती बसून राहिली.