गोल कट्ट्याचा कागद

आर्किटेक्टने माझ्या मिस्त्रीला फसवलं. मला नाही. माझं नुकसान भरून निघालं, मिस्त्रीचं निघालं नाही.

हडपसरला एका आयटी कंपनीची इमारत उभी राहत होती. ग्रॅनाइटचं काम माझ्याकडे होतं. फरशी घासण्यापासून सुरुवात करून मी तिथवर पोचलो होतो आणि घासाघीस केल्याशिवाय कुणाला एक दगड दिला नव्हता. लॉबीच्या मधोमध विटांचा गोल कट्टा बांधून तयार होता. त्याच्यावर बारा सारखे वक्र दगड बसवायचे होते.

वक्र दगडासाठी आम्ही पूर्ण मापाचा कागद मागत असू. एकास एक. तो पत्र्यावर चिकटवायचा, पत्रा कापायचा आणि त्या फर्म्यावरून दगड. आर्किटेक्टचं ऑफिस कर्वेनगरला होतं. पूर्वी तिथून माणूस कागदाची गुंडाळी घेऊन यायचा, आता ईमेलवर पीडीएफ यायची. आम्ही दुकानातून ती ए-झीरो कागदावर छापून घ्यायचो. न लहान करता, न मोठी करता, असं मी दुकानदाराला दर वेळी बजावत असे. त्यानेही तसंच छापलं.

कागद अंथरला आणि मिस्त्रीने खिशातून टेप काढली. चित्रावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अकराशे मिलिमीटर लिहिलेलं होतं, तेवढं ताडून बघणार होता. मी म्हणालो, "एकास एक लिहिलंय ना खाली? मग टेप कशाला? उद्या दगड कापायला मशीनवर चढवायचाय." त्याने टेप परत ठेवली. वीस वर्षं दगडात घालवलेला माणूस, पण मालकापुढे बोलायचा नाही.

त्या कागदावर सगळ्या रेघा एकसारख्या बारीक होत्या. कापायची कड आणि खालच्या विटांची कड एकाच जाडीची. एरवी कापायची रेघ ठळक असे. मला ते दिसलं होतं. शाई संपत आली असेल, एवढंच मनात आलं.

बारा दगड कट्ट्यावर मांडले तर एकमेकांना असे भिडले की सांध्यात नख जाईना. पण बाहेरून सगळीकडे दोन बोटं वीट उघडी. वर्तुळच लहान झालं होतं. कंपनीची माणसं उभी होती, आर्किटेक्टही होता. मी मिस्त्रीला सगळ्यांसमोर जे बोललो ते इथे लिहिणार नाही. आर्किटेक्ट ऐकत होता. मधेच म्हणाला, "जाऊ द्या हो, नवीन कागद पाठवतो." मला तो मोठ्या मनाचा वाटला.

मिस्त्रीने हत्यारं गोळा केली आणि तो काम सोडून गेला.

नवीन कागद आला. रेघा जिथे जाड हव्यात तिथे जाड. जुना त्याच्यावर ठेवला, तर नव्याची कड बाहेर डोकावत होती. मग मी स्वतः टेप लावली. नव्यावर अकराशे. जुन्यावर एक हजार बहात्तर. खाली दोन्हींवर लिहिलेलं, एकास एक.

ऑफिसात फोन केला. ड्रॉइंग काढणारी मुलगी आधी चाचरली, मग खरं बोलली. पहिल्या कागदाच्या वेळी ऑफिसची ठरलेली प्लॉट सेटिंग, म्हणजे छपाईची मांडणी, न निवडताच तिने पीडीएफ काढली होती. त्यामुळे रेघांच्या जाड्या गेल्या आणि 'फिट टू पेपर' चालू राहिलं. समास सोडून उरलेल्या जागेत मावावं म्हणून संगणकाने अख्खं चित्र आक्रसून घेतलं. चौकटीतली 'एकास एक' ही अक्षरं मात्र टाइप केलेली, ती कशी बदलणार?

"दगड मांडले त्या दिवशीच सरांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "साइटवर निघायच्या आधी. ते म्हणाले, नवीन पाठव आणि विषय काढू नको."

मी तडक कर्वेनगर गाठलं. आर्किटेक्टने खुर्ची दिली, चहा मागवला आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली ओळ दाखवली: लिहिलेलं माप धरावं, कागद मोजू नये.

"मग पूर्ण मापाचा कागद देता कशाला, भिंतीला लावायला?" मी म्हणालो.

शेवटी वाया गेलेल्या दगडाचे पैसे द्यायचं त्यांनी मान्य केलं. मीही तेवढ्यावर उठलो. सौदा चांगला झाला, असं त्या दिवशी वाटलं. मिस्त्रीचं नाव मी सौद्यात घातलंच नाही, ही माझी लाज.

नंतर तो वारज्याच्या एका कारखान्यात सापडला. पॉलिशवर होता. माप घेण्याच्या कामाला त्याला तिथे लावत नव्हते, हडपसरची गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. मी दोन्ही कागद दाखवले. त्याने हात पुसले, कागद एकावर एक ठेवून बघितले.

"मालक, हे मला दावून काय उपेग हाय? त्या दिवशी जे हुते, त्यास्नी दावा."

माझ्या वाट्याची चूक मी त्याच्या पायाशी बसून कबूल केली आणि आज इथे लिहिली. आर्किटेक्टसाहेब, आता आपण बोला. माझा आवाज चढला तेव्हा चूक कुणाच्या टेबलावरची होती हे त्या लॉबीत फक्त आपल्याला माहीत होतं. आपण गप्प का राहिलात? उत्तर मला नको. वारज्याला जा आणि मिस्त्रीला द्या, त्याच्या कारखान्यातली सगळी माणसं ऐकतील अशा आवाजात.