पडद्याच्या पल्याडचा सिनेमा

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं माझ्याशी बोलला नव्हता. त्याचं गाव माझ्यापासून चार कोसांवर. माझे मालक वारले तेव्हा आला, माणसांत बसला, माझ्याकडं न बघता निघून गेला. लेक सासरी. घरात मी आणि टीव्ही, दोघंच.

अशात एका रविवारी दुपारी मोटारसायकल दारात थांबली. भाऊच होता. उंबऱ्यातूनच म्हणाला, "आमच्याकडं लाईट न्हाई. आपला तो सिनेमा लागून राहिला टीव्हीवर."

भारनियमन गावागावाला वेगळ्या वेळी असायचं; आमची लाईट तीनला जायची. मी म्हटलं, "बस." तो दाराशीच टेकला. चित्र हलायला लागलं तसा गुपचूप उठला, बाहेर जाऊन अँटेना फिरवून आला.

सिनेमात नायकानं सावकाराच्या थोबाडीत मारली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा तर उजव्या हातानं मारून राहिला."

"मग? लहानपणापासून तेच सांगून राहिलो तुला."

आणि हसला की तो. नरसीच्या जत्रेत तंबूत हा सिनेमा आम्ही तीनदा पाहिला होता. तंबूच्या मधोमध पातळ पांढरा पडदा. मशीनच्या बाजूला गडीमाणसं आणि हा, पल्याड आम्ही बायापोरी. आम्हाला सगळं उलटं दिसायचं. नायक डावखुरा. पाट्यांवरची अक्षरंसुद्धा उलटी. मला वाटायचं, हिंदी अशीच असते. घरी जाताना त्या हातावरून आमची मारामारी व्हायची.

मग जाहिराती लागल्या. आवाज बारीक करून मी विचारलं, "लेकीच्या लग्नातून माघारी काहून गेला रे?"

"जीप बंद पडली, उशीर झाला. मांडवाच्या तोंडाशी आलो, तं नवरीमागं मामा म्हणून दुसराच उभा. मी कुठं उभं राहू, आक्का?"

"त्याला मीच उभं केलं. मुहूर्त टळून राहिला होता. आणखी थोडी वाट पाहायला पाहिजे व्हती मी."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, व्याह्यांनीच घाई केली. मीही तसंच वाटू दिलं.

जाहिराती सरल्या तरी मी आवाज वाढवला नाही. तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं, तुमाला मी नकोच व्हतो."

तीनला लाईट गेली. सिनेमा अर्धाच राहिला. मी चहा ठेवला, तो त्यानं उभ्यानंच घेतला.

"पोरगी कवा येती?"

"पंचमीला."

"तिला म्हणावं, मामा येऊन साडी नेसवणार हाये." पुढं हळूच म्हणाला, "हो म्हणाली तं बरं. न्हाई म्हणाली तं तिचंबी बराबर हाये."

तो गेला. पंचमीला अजून दोन महिने होते. लेकीला काय आणि किती सांगायचं, याचाच विचार करत मी तशीच दारात बसून राहिले. माझी चूक तिलाही ठाऊक नव्हती.