सूतभर

छापखान्यात सगळे तिला ‘सूतभर मावशी’ म्हणत. आठ सुतांचा एक इंच, आणि मावशीच्या कटिंग मशीनवर एक सूत इकडेतिकडे झालं तर पाचशे कागदांची रीम रद्दीत जाते. अठरा वर्षं ती मशीनच्या पात्याखाली कागद सरकवत होती, आणि कागद जागेवर बसला नाही की ओरडायची, “अजून सूतभर!” तिचा पगार मात्र मालकांनी सुतात नाही, वितीत कापला होता. ते तिला कळलं नव्हतं, कारण पगारचिठ्ठी ती न वाचताच पदराला बांधायची.

या छापखान्यात किमान वेतनाचे तक्ते छापले जात. दुकानांचे, खानावळींचे, छापखान्यांचे. ज्याने त्याने आपल्या धंद्याचा तक्ता कामाच्या ठिकाणी लावायचा, असा कायदा. मावशीने असे हजारो तक्ते चौकोनी कापून दिले. मालकांच्या स्वतःच्या भिंतीवर मात्र एकही नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एकदा छापखान्यांच्या तक्त्याचा गठ्ठा वाकडा छापला गेला. मावशीने चार कागद घरी नेले, स्वयंपाकघरातल्या फळीवर घालायला. सुनेने डबे उतरवले, कागद पसरला आणि तिथेच उभी राहिली.

“आई, तुमची पगारचिठ्ठी आणा बरं.”

“का गं? पगार फळीवर ठेवायचाय?”

चिठ्ठीत लिहिलं होतं: पद मदतनीस, अकुशल, परिमंडळ तीन. तक्त्यात कटिंग मशीन चालवणाऱ्याचं नाव ‘कुशल’ या रांगेत होतं, आणि परिमंडळ एक म्हणजे शहराची हद्द. छापखाना भर शहरात, चौकातल्या पोस्टाला लागून! सुनेने दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि पुन्हा पाहिले. तफावत तेवढीच राहिली. अठरा वर्षं मी कोणाला मदत करत होते, हा प्रश्न तिला रात्रभर छळत राहिला.

दोघी कामगार कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने चष्मा वर केला. “तक्त्यावरची तारीख बघा आधी. हा मागच्या सहामाहीचा आहे. मूळ वेतन तेच राहतं, विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. दोन्हींची बेरीज करून पगाराशी ताडायची.”

“आणि हे परिमंडळ तीन?” सुनेने विचारलं.

“मालकांचं घर कुठे आहे?”

“गावाबाहेर, मळ्यात.”

“घराच्या पत्त्यावर हजेरीपट ठेवलाय वाटतं. काम जिथे होतं ते परिमंडळ, आणि जे काम हाताने होतं तीच श्रेणी. चिठ्ठीवरचा शब्द काही मशीन चालवत नाही.” त्याने अर्ज पुढे सरकवला.

आठवड्याने कामगार कार्यालयाच्या निरीक्षकबाई तपासणीला येणार असं कळलं आणि मालकांची धांदल उडाली. तपासणीच्या दिवशी मावशीच्या हातात झाडू आला. मशीनपाशी उभा राहिला मालकांचा मेहुणा, कागदोपत्री ‘कुशल कटर’, एरवी गल्ल्यावर बसून कान कोरणारा.

“या मावशी?” निरीक्षकबाईंनी विचारलं.

“मदतनीस,” मालक म्हणाले. “जुन्या आहेत, घरच्यासारख्या.”

घरच्यासारखं म्हटलं की पगार मागायचा नसतो, ही मालकांची जुनी समजूत.

तेवढ्यात लग्नपत्रिकांचा अर्जंट गठ्ठा आला. मेहुण्याने पातं पाडलं आणि नवऱ्याचं आडनाव निम्मं कापलं गेलं. त्याने घाबरून हाक मारली, “मावशी, सूतभर कुठे सरकवायचं हो?”

झाडू भिंतीला टेकवून मावशी आली. उरलेल्या पत्रिका जुळवून तिने पातं पाडलं. कडा पट्टीसारख्या सरळ.

“मदतनीस ना?” निरीक्षकबाई हसल्या. “मग या मदत कोणाला करतात?”

मालक मेहुण्याकडे पाहू लागले, मेहुणा छताकडे. बाईंनी टिपण लिहिलं, मागच्या फरकाच्या रकमेचा दावा कसा करायचा तेही मावशीला समजावलं, आणि भिंतीवर चालू सहामाहीचा तक्ता लावायला सांगितलं. मालकांनी तो लावला. वाकडा.

पुढच्या महिन्यात मावशीची चिठ्ठी आली: कटर, कुशल, परिमंडळ एक. मालकांना वाटलं, म्हातारी आता पाया पडेल. मावशीने आधी भिंतीवरचा तक्ता सरळ केला, मग चिठ्ठी त्याच्या कडेला धरून एकेक आकडा बोटाने मोजला. मूळ वेतन बरोबर होतं. भत्ता मात्र मागच्या सहामाहीचा.

ती मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“मालक, अजून सूतभर!”