तिशीच्या आतली

चिखल्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून मी नियमाला चिकटून राहायचे, आणि त्याचा मला गर्व होता. साखर तपासणीचा दिवस असला की तीस वर्षांच्या पुढचे सगळे रांगेत. वय, कंबर, तंबाखू, दारू, अंगमेहनत, आईवडिलांना साखर होती का, असं विचारत फॉर्म भरायचा, मग बोटाला सुई. ठीक निघालं तरी वर्षाने परत या, हे प्रत्येकाला बजावायचे. "गेल्या वर्षी चांगली होती की," म्हणून पळणाऱ्यांना मी हाताला धरून बसवलं आहे.

त्या दिवशी एक सासू आली, सोबत सून. सासूची साखर ठीक निघाली. सुनेने बोट पुढे केलं.

"वय?"

"सत्तावीस."

"तीस झाली की ये. रांग बघतेस ना?"

सासू म्हणाली, "सिस्टर, हिची पन बघा नं. पोटुशी असताना साखर वाढली होती. बाळंतपनानंतर गेली. आता दुसरं मूल पाहिजे, पुढच्या आठवड्यात पाळणा लांबवायला बसवलेली तांबी काढायला येते."

"गेली ना, मग झालं," मी म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

दुपारी डबा उघडला आणि सासूचं बोलणं आठवलं. गेली, असं सांगितलं कोणी? गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी करायची, मग दर वर्षी, वय काही असो, हे मीच आशाताईंना शिकवलं होतं. पण ही बाळंत झाली तलासरीला माहेरी, तीन महिने तिथेच राहिली. तिथल्या नर्सना वाटलं आम्ही बघू, आम्हाला वाटलं ते बघतील. आणि फॉर्ममध्ये बाळंतपणाचा प्रश्नच नाही. फॉर्मला नाही सुचलं, पण मला तर सांगितलं होतं! स्वतःचा भयंकर राग आला.

संध्याकाळी चालत तिच्या घरी गेले. "उद्या काही न खाता आरोग्य केंद्रात ये. मी चुकले."

तिथे उपाशीपोटी एकदा आणि ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी एकदा रक्त घेतलं. दोन्ही आकडे मधुमेहाचे होते.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग दुसरं?"

"होईल. पण आधी साखर आटोक्यात, मग तांबी काढू. अशा साखरेत दिवस राहिले असते तर बाळाचे अवयव घडतानाच धोका होता."

तिने माझ्याकडे बघितलं. "तीस झाल्यावर आले असते, तर?"

उपकेंद्रात येऊन मी गरोदर मातांची जुनी रजिस्टरं खाली काढली आणि साखर वाढलेल्या बायकांची नावं एका कागदावर उतरवायला बसले. पान भरत आलं. त्यातल्या बहुतेक जणी तिशीच्या आतल्या म्हणून माझ्या रांगेतून परत गेल्या होत्या.