एका डिस्कचे दोन मालक

प्रभुलिंग बिराजदार सोलापुरातल्या त्या दोनशे खाटांच्या हॉस्पिटलात आला तेव्हा तिथं सगळे मिळून चार कॉम्प्युटर आणि एक अडकणारा प्रिंटर होता. अक्कलकोटकडच्या खेड्यातला, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. प्रिंटर दुरुस्त करायला म्हणून आला आणि बावीस वर्षं तिथंच राहिला. वायर ओढल्या, सर्व्हर बसवले, डॉक्टरांचे पासवर्ड पाठ केले. कुठंही काही अडलं की लोक म्हणायचे, "प्रभुलिंग सरांना बोलवा." हे वाक्य ऐकलं की त्याला जेवल्यासारखं वाटायचं. पगार बेताचाच होता, पण त्या वाक्यावर माणूस खूश होता.

आणि मग निवेदिता आली.

शुक्रवार पेठेतली मुलगी, वडील शिक्षक. पुण्यात चार वर्षं नोकरी करून आईच्या आजारपणामुळं परत आलेली. पहिल्याच दिवशी ती त्याला "काका" म्हणाली. त्यानं नुसतं वर पाहिलं, तशी ती "सर" म्हणू लागली. पण जे लागायचं ते लागून गेलं होतं.

तिचा राग करायला तसं काही कारण नव्हतं, आणि प्रभुलिंगची खरी अडचण तीच होती. ती उद्धट असती तर बरं झालं असतं. ती चहा विचारायची, त्याच्या जुन्या वायरिंगचं कौतुक करायची, आणि तिनं कौतुक केलं की त्याच्या पोटात जास्तच दुखायचं.

ठिणगी पडली ती मागच्या उन्हाळ्यात. सीटी आणि एमआरआयचे सगळे फोटो एका सर्व्हरवर होते, आणि त्या सर्व्हरच्या पाठीला जाड केबलनं डिस्कची एक पेटी जोडलेली होती. पेटी त्या एकट्या सर्व्हरची. दुसऱ्या कुणाला फोटो हवा असेल तर त्या सर्व्हरकडेच मागायचा. मे महिन्यात सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला. डिस्क ठणठणीत, फोटो जागच्या जागी, पण त्यांच्यापर्यंत पोचायची वाटच बंद. पार्ट पुण्याहून येईपर्यंत दीड दिवस डॉक्टर हात चोळत बसले. संचालक वेणीमाधव सरांनी मीटिंग बोलावली.

प्रभुलिंग म्हणाला, "सगळं नॅसवर टाकू की. माझा नॅस सहा वर्षं चालतोय, एक दिवस बंद पडला न्हाय."

त्याचा नॅस म्हणजे कोपऱ्यातला काळा डबा. साध्या ऑफिसच्या नेटवर्कवर बसलेला, स्वतःच्या डिस्क आणि स्वतःची अक्कल असलेला. बिलिंगपासून लॅबपर्यंत सगळे त्याच्यावरच्या फोल्डरमध्ये रिपोर्ट ठेवायचे. लेकराच्या पाळण्याकडं बघावं तसा प्रभुलिंग त्याच्याकडं बघायचा.

निवेदितानं सॅन सुचवला. वेणीमाधव सरांनी फरक विचारला, तेव्हा ती हॉस्पिटलच्याच रेकॉर्ड रूमच्या उदाहरणावर आली.

"सर, नॅस म्हणजे रेकॉर्ड रूममधला कारकून. आपण म्हणायचं, अमक्याची फाइल दे. कुठल्या कप्प्यात आहे ते त्याचं तो बघतो. दहा जणांनी मागितलं तरी गोंधळ होत नाही, कारण कप्प्यांची वही एकट्या त्याच्याकडं असते. सॅनमध्ये कारकून नसतो. वेगळ्या फायबरच्या नेटवर्कवरून सर्व्हरला कोरी खोलीच मिळते. कप्पे त्यानंच आखायचे, वहीही त्यानंच ठेवायची. त्याला वाटतं, डिस्क आपल्याच पोटात आहे. वेग चांगला मिळतो, आणि सर्व्हर जळाला तर तीच खोली दुसऱ्याच्या नावावर करता येते."

सर हसले. म्हणाले, "हे मला कळलं."

प्रभुलिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बावीस वर्षांत त्याचं बोलणं ऐकून सर कधी "कळलं" म्हणाले नव्हते. ते म्हणायचे, "तुम्ही बघा काय ते." आजवर त्याला तो विश्वास वाटत आला होता.

सॅन आला. केशरी फायबरच्या तारा, वेगळे स्विच, डिस्कचं कपाट. निवेदितानं फोटोंच्या सर्व्हरला त्या डिस्कचा एक मोठा तुकडा, म्हणजे तिची ती कोरी खोली, नेमून दिला. रोज रात्री त्या फोटोंची प्रत प्रभुलिंगच्या नॅसवर जाईल, आणि आधीच्या रात्रींच्या प्रतीही राहतील, अशी सोय केली. "तुमचा नॅस भरवशाचा आहे, सर," ती म्हणाली. त्याला ते आपल्या लेकाला कुणी राखणदार म्हणून कामाला ठेवावं तसं वाटलं. त्यातच कानावर आलं की कॉम्प्युटर विभागाला प्रमुख नेमायचा आहे आणि वेणीमाधव सर बुधवारी नाव सांगणार आहेत. आता लोक कुणाला बोलवतील, याचा तो निकाल होता.

त्याची बायको महादेवी एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "त्या पोरीचं नाव तुमी दिवसातनं किती बार घेताय, मोजा की जरा."

तो म्हणाला, "मी कशाला घेऊ?" आणि पुढची दहा मिनिटं तिच्याबद्दलच बोलला.

त्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी निवेदिता लग्नाला बार्शीला गेली होती. दुपारी रेडिओलॉजीच्या डॉक्टर अपेक्षा मॅडम आल्या. नव्या खोलीतले रिपोर्टिंगचे कॉम्प्युटर दुसऱ्या सर्व्हरवर चालत होते आणि तिथून जुने फोटो उघडत नव्हते. "निवेदिता सोमवारी येईल ना, तेव्हा बघू," मॅडम म्हणाल्या.

एवढं म्हणाल्या नसत्या तर प्रभुलिंगनं कदाचित फोन करून विचारलं असतं.

"सोमवारपर्यंत कशाला, मॅडम?" तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम हाय."

नॅसवर हे त्यानं शंभर वेळा केलं होतं. एक फोल्डर, हवे तेवढे सर्व्हर जोडा. त्यानं सॅनचा स्क्रीन उघडला. फोटोंचा तुकडा पहिल्या सर्व्हरच्या नावावर होता, तोच त्यानं दुसऱ्याच्याही नावावर केला. दुसऱ्या सर्व्हरवर डिस्क उगवली, पण 'ऑफलाइन' दिसली. सर्व्हर बिचारा सांगत होता, ही डिस्क वाटून घेतलेली असू शकते, मी आपणहून हात लावणार नाही. प्रभुलिंगला ती मशीनची कुरबुर वाटली. त्यानं क्लिक करून डिस्क ऑनलाइन केली आणि सगळे फोटो समोर उघडले.

अपेक्षा मॅडम म्हणाल्या, "अरे वा, झालं पण!" प्रभुलिंग त्या दिवशी घरी जाताना शेंगाचटणी आणि पेढे घेऊन गेला.

रविवारी मॅडमचा फोन आला, आजचे पेशंट नव्या खोलीत दिसत नाहीत. त्यानं दुसरा सर्व्हर बंद करून चालू केला आणि पेशंट दिसू लागले. डिस्क एकच असताना नवे फोटो का दिसू नयेत, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण तो विचारायचा तर निवेदितालाच विचारावा लागला असता, म्हणून त्यानं तो गिळला.

सोमवारी सकाळी फोटो फुटू लागले. एकाच्या मेंदूच्या जागी राखाडी पट्टे. दुसऱ्याची फाइल उघडेना. तिसऱ्याचं फोल्डरच गायब. दोन ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली. त्यातलं एक सांगोल्याहून आलेल्या धोंडीराम नावाच्या म्हाताऱ्याचं. उपाशी पोटी तयार बसलेला तो माणूस प्रभुलिंगला कॉरिडॉरमध्ये भेटला आणि म्हणाला, "माजा फोटो हरवला म्हणं. सापडंल की, सायेब." प्रभुलिंगला त्याच्याकडं बघवेना.

निवेदिता बार्शीहून थेट हॉस्पिटलात आली. दहा मिनिटं स्क्रीनकडं पाहिलं आणि पहिलं काम म्हणजे दुसऱ्या सर्व्हरकडून तो तुकडा काढून घेतला. मग फोटोंचा सर्व्हरही थांबवला.

"दोन सर्व्हर एकाच डिस्कवर लिहीत होते," ती म्हणाली. "दोघांकडं आपापली वही. पहिल्याच्या वहीत जो कप्पा भरलेला, तो दुसऱ्याच्या वहीत रिकामा. फोटो बघताना दुसरा सर्व्हर छोट्या प्रती तयार करतो, त्या पहिल्याच्या फोटोंवर लिहिल्या गेल्या."

 रेकॉर्ड रूमची गोष्ट प्रभुलिंगनं मीटिंगमध्ये ऐकली होती. पण ती सांगणाऱ्या पोरीवर जळण्यात तो इतका गुंतला होता की गोष्ट ऐकूनही ऐकली नव्हती.

कुणी जोडलं, हे तिनं विचारलं नाही. सॅनच्या नोंदींमध्ये शनिवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटं आणि त्याचं नाव होतं, आणि ती यादी तिच्यासमोरच उघडी होती. तिनं ते वाचलं, हे त्यानं पाहिलं. तिनं ती यादी मिटली आणि म्हणाली, "सर, नॅसवरची शुक्रवार रात्रीची प्रत चांगली असेल. ती काढू."

मंगळवार दुपारपर्यंत दोघं बसले. सॅनवर नवा तुकडा केला, नॅसवरून शुक्रवारपर्यंतचे फोटो त्यावर आणले. शनिवारपासूनचे फोटो सीटी आणि एमआरआय मशीनच्या पोटातल्या डिस्कवर अजून होते, तिथून पुन्हा पाठवले. अपेक्षा मॅडमच्या खोलीला त्याच फोटोंच्या सर्व्हरनं नेटवर्कवरून फोल्डर शेअर करून दिला. काम शनिवारच्या पाच मिनिटांइतकंच सोपं होतं. शेवटी काहीच हरवलं नाही. धोंडीरामचं ऑपरेशन बुधवारी सकाळी झालं.

त्याच बुधवारी अकराला वेणीमाधव सरांनी दोघांना आणि अपेक्षा मॅडमना बोलावलं.

"हे कसं झालं?" सरांनी विचारलं.

अपेक्षा मॅडम प्रभुलिंगकडं बघू लागल्या. तो टेबलाकडं बघू लागला. तेवढ्यात निवेदिता म्हणाली, "चूक माझी आहे, सर. एक तुकडा एकाच सर्व्हरला, हा नियम मी लिहून ठेवायला हवा होता. तो कुठंच लिहिलेला नव्हता. आणि फोटो वाचले ते प्रभुलिंग सरांच्या नॅसमुळं."

सरांचा चेहरा उतरला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते निवेदिताला म्हणाले आणि समोरच्या नेमणुकीच्या कागदावर पेन टेकवलं. प्रभुलिंगला दिसलं, ते पेन आता त्याच्या नावाकडं वळलं होतं. बावीस वर्षं ज्यासाठी घालवली ते नुसतं गप्प बसून मिळत होतं. त्यानं शेजारी पाहिलं. निवेदिता शांत बसली होती. रागावलेली नाही, रडवेली नाही. आणि त्याच्या मनात स्पष्ट आलं, ही मनानंसुद्धा माझ्याहून मोठी निघाली. खुर्चीवर आपण बसणार, आणि रोज सकाळी हिचं तोंड बघून हे आठवणार.

हे मात्र त्याला सोसेना.

"ती खोटं बोलते, सर," तो म्हणाला. "मी जोडला. शनिवारी, चार वीसला. मला सॅन येत न्हाय. मी विचारलं न्हाय तिला, कारण विचारायची लाज वाटली."

 मग वेणीमाधव सर उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रमुखाच्या जागी निवेदिताचं नाव लागलं. सॅनचा पासवर्ड तिच्याकडं गेला. प्रभुलिंगकडं नॅस राहिला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट हॉस्पिटलभर झाली. सिस्टर, वॉर्डबॉय, कँटीनवाला सिद्धराम, जो तो थांबून सांगू लागला की असा सच्चा माणूस आजकाल बघायला मिळत नाही. निवेदिताचे तर डोळे भरून आले. "सर, मला तुमच्यासारखं नसतं जमलं," ती म्हणाली.

प्रभुलिंगनं मान हलवली. आपण खरं का बोललो ते तिला सांगावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आज पहिल्यांदाच ती त्याचा हेवा करत होती, आणि ते त्याला इतकं गोड लागलं की तो गप्प राहिला.