मंगळवारचा दुसरा तास

आमच्या अर्थशास्त्र विभागाच्या वेळापत्रकात मंगळवारी दुसऱ्या तासाला माझी अर्थमिती आणि विभागप्रमुख सरांचे कृषी अर्थशास्त्र एकाच वेळी लागले होते. दोन्ही ऐच्छिक विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांचा एक तास दर आठवड्याला बुडणार होता, आणि उपस्थिती अपुरी पडली की परीक्षेला बसता येत नाही. मी लेखी प्रस्ताव घेऊन सरांकडे गेले.

“अहो मॅडम, शिक्षक वेगळे, खोल्या वेगळ्या. अडचण कुठे आहे?”

“वेळापत्रक लावताना आपण तेवढेच पाहिले, सर. विद्यार्थी पाहायचे राहिले.”

“म्हणजे माझा तास हलवायचा?”

“नाही, माझा. सकाळी साडेसातला खोली रिकामी असते. माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला विचारले आहे, त्या वेळी कुणाचाही दुसरा तास नाही.”

सरांनी चष्म्यावरून पाहिले. “हिंजवडीहून साडेसातला पोहोचणार? तिथल्या वाहतुकीलाही प्रस्ताव दिलात वाटतं!”

“सहाला निघेन, सर.”

त्यांनी सही केली.

पुढच्या मंगळवारी मी पोहोचले, तेव्हा सगळा वर्ग जांभया देत का होईना, हजर होता. तास संपल्यावर त्यातले काही जण सरांच्या वर्गाकडे निघाले. आता त्यांना कोणता विषय सोडायचा हे ठरवावे लागणार नव्हते.