खवट

माझ्यासारख्याने काही लिहावं, हे मलाच पटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आईने आयुष्यात लिहिलं ते सहीपुरतं. पुस्तकात येणारी माणसं आणि त्यांच्या आठवणी जरा स्वच्छ असतात. माझी आठवण कुजक्या कोळंबीची आणि बिघडलेल्या तेलाची आहे, आणि मी लिहिलेल्या एका वाक्याची. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण ते वाक्य माझं होतं, म्हणून लिहिणंही मलाच भाग आहे.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. माझ्या सरांनी विषय दिला, पेशीच्या पडद्याचं प्रकाशापासून रक्षण. कोळंबीच्या टरफलात अॅस्टाझॅन्थिन नावाचा लाल पदार्थ असतो, टोमॅटोत लायकोपीन. हे दोन्ही एकीकडे आणि व्हिटॅमिन सी दुसरीकडे, अशी तुलना करायची. सर म्हणाले, "तू पालीच्या कोळीवाड्यातला ना? मग टरफलं फुकटात मिळतील."

मिळाली. आई कोळंबी सोलून सोडे वाळवायची, त्यातली डोकी आणि सालं मी दुहेरी पिशवीत बांधून बसने कॉलेजात न्यायचो. पिशवीतून पाणी झिरपायचं. शेजारचा माणूस आधी नाकाला रुमाल लावायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग उठून उभा राहायचा. कोळ्याच्या घरात वाढलो, मासळीच्या वासाचं मला काय. पण तो मासळीचा वास नव्हता. दोन तास बंद पिशवीत राहिलेल्या टरफलाला जो वास सुटतो, तो बोटांच्या नखात जाऊन बसतो. मी जेवताना डावा हात मांडीखाली दाबून ठेवायचो.

अॅसिटोनमध्ये लाल अर्क निघाला. त्यातला बराचसा रंग स्निग्धाम्लांना बांधलेला होता, तो एन्झाइमने मोकळा करून घेतला. शांती नगरच्या बाजारातून मऊ पडलेले टोमॅटो आणून लायकोपीन काढलं. मग पहिली चाचणी केली, सगळ्या कॉलेजांत करतात तीच. एका परीक्षानळीत जांभळं द्रावण असतं. त्यात अँटिऑक्सिडंट टाकला की जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. जितका लवकर पिवळा, तितका पदार्थ जोरदार. व्हिटॅमिन सी टाकलं आणि क्षणात पिवळं झालं. माझा लाल अर्क तासभर रेंगाळला. लायकोपीनही तसंच.

त्या दिवशी प्रयोगशाळेत एक शेठ आले होते. सरांच्या ओळखीचे. भाईंदर पूर्वेला गाळ्यात त्यांचा छोटा कारखाना, आणि आम्हाला रसायनं तेच पुरवायचे. जवसाच्या कच्च्या, हिरवट तेलात व्हिटॅमिन सी घालून ते त्वचेसाठी प्यायचे थेंब काढणार होते. पारदर्शक पांढऱ्या काचेची बाटली, आतलं तेल दिसावं म्हणून. त्यांनी माझा आलेख पाहिला आणि म्हणाले, "एकदम मस्त. जरा खाली एक लाइन मराठीत लिहून दे ना भाई. पब्लिकला समजेल अशी."

मी लिहून दिली. "व्हिटॅमिन सी पेशीच्या पडद्याचं सर्वाधिक रक्षण करतं." कुणीतरी आपल्याकडे लिहून मागतंय याचाच मला आनंद झाला होता. आणि प्रकल्पाच्या नावात पडदा होता, म्हणून मी वाक्यातही पडदा घातला. परीक्षानळीत पडदा नव्हताच. प्रकाश नव्हता, चरबी नव्हती.

दुसऱ्या चाचणीत ते सगळं होतं. सोयाबीनमधल्या लेसिथिन नावाच्या चरबीपासून पाण्यात बारीक फुगे केले. त्यांचं कवच पेशीच्या पडद्यासारखंच चरबीच्या दोन थरांचं असतं. त्या कवचात पालकातलं हरितद्रव्य मिसळलं. त्यावर लाल दिवा लावला की हरितद्रव्य प्रकाश शोषतं आणि ती शक्ती जवळच्या प्राणवायूला देतं. असा चेतलेला प्राणवायू, सिंगलेट ऑक्सिजन, चरबीवर तुटून पडतो. लाल दिवाच घेतला, कारण माझी रंगद्रव्यं तो प्रकाश शोषत नाहीत. नाहीतर त्यांनी केवळ सावली धरली म्हणून चरबी वाचली, असं कुणी म्हटलं असतं. एक संच अंधारात ठेवला. काही नळ्यांत पाण्यात व्हिटॅमिन सी, काहींत कवचात लायकोपीन, काहींत कवचात अॅस्टाझॅन्थिन.

संध्याकाळी झाकणं उघडली. अंधारातल्या नळ्यांना काहीच वास नव्हता. दिव्याखालच्या नुसत्या फुग्यांच्या नळीला मात्र जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. आणि व्हिटॅमिन सीच्या नळीला जवळजवळ तसाच. चरबी बिघडली की तयार होणारं पेरॉक्साइड मोजलं, तेव्हा आकड्यांनीही तेच सांगितलं. लायकोपीनने थोडं वाचवलं होतं, अॅस्टाझॅन्थिनने सर्वांत जास्त.

तीन वेळा केलं. तीनही वेळा तेच. मी घरी आल्यावर आईने विचारलं, काय झालं. मला नीट सांगता येईना. म्हटलं, औषध पाण्यात आहे आणि बिघाड चरबीच्या आत होतोय.

आई घोळ मासा चिरत होती, मीठ लावून वाळवायला. मान वर न करता म्हणाली, "मीठ वरसून चोळून मासा टिकतो काय रं? पोटान भरावा लागतो. वरसून चांगला दिसतो, न आत किडं."

मला पुस्तकातून जे कळायला आठवडा लागला, ते एवढंच होतं. चेतलेला प्राणवायू फार थोडा वेळ जगतो. चरबीत तयार झाला तर बहुतेक तिथेच चरबीला भिडतो. पाण्यातलं व्हिटॅमिन सी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर काम झालेलं असतं. शिवाय व्हिटॅमिन सी त्याला भिडतं तेव्हा स्वतः बदलून जातं, खर्च होतं. अॅस्टाझॅन्थिन आणि लायकोपीनचं तसं नाही. त्यांची लांब साखळी प्राणवायूची जास्तीची शक्ती अंगावर घेते, उष्णता म्हणून सोडून देते आणि पहिल्यासारखी होते. पुन्हा घ्यायला तयार. असं कितीतरी वेळा, अखेरीस कधीतरी तीही तुटते. नुसत्या द्रावणात लायकोपीन यात फार तरबेज. पण पडद्यात त्याची दोन्ही टोकं तेलकट, ते आतल्या भागात गोळा होऊन बसतं. अॅस्टाझॅन्थिनच्या दोन्ही टोकांना पाणी आवडतं, म्हणून त्याचा रेणू पडद्याच्या आरपार राहतो, दोन्ही बाजूंना टेकून. व्हिटॅमिन सी निरुपयोगी नाही. रक्तात, पाण्यात ते हवंच, आणि पडद्याच्या कडेला व्हिटॅमिन ईला ते पुन्हा उभं करतं. पण मी लिहिलेलं वाक्य खोटं होतं.

मी शेठच्या गाळ्यात गेलो. सकाळी टरफलं हाताळली होती, साबणाने तीनदा हात धुतले होते. शेठनी लगेच नाक मुरडलं.

"काय रे, मच्छी मार्केटमधून डायरेक्ट आला काय?"

मी सांगितलं, ते वाक्य चुकलंय, मागे घ्या.

"चुकलं कसं? ग्राफ तूच दिला ना?"

"ती चाचणी वेगळी होती शेठ. व्हिटॅमिन सी तेलात विरघळतच नाही. तुमच्या बाटलीच्या तळाशी बघा, पांढरा गाळ बसलाय. आणि तेल हिरवं आहे, म्हणजे त्यातही हरितद्रव्य आहे. दुकानात उजेडात ठेवलं तर…"

"शेक करून प्यायचं लिहिलंय की. अरे भाई, अँटिऑक्सिडंट म्हणजे अँटिऑक्सिडंट. पब्लिकला काय, तेल नि पाणी?" त्यांनी मला एक बाटली दिली. "ले जा. मम्मीला पाज. स्किन चमकेल."

लेबलवर माझं वाक्य होतं. त्यावर लिहिलं होतं, "कॉलेज प्रयोगशाळेत सिद्ध". त्यांच्या टेबलावर अत्तराची कुपी होती. मी उठल्यावर त्यांनी माझ्या खुर्चीवर अत्तर शिंपडलं, माझ्या देखत. मला त्यांची किळस आली. पण ते वाक्य मीच लिहिलेलं, म्हणून बसमध्ये मला स्वतःची जास्त किळस आली.

सरांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "दुसरा आलेख प्रबंधात घालू नकोस. पहिला छान आहे. शेठ आपल्याला रसायनं देतात."

"सर, मग ते वाक्य खरं ठरेल."

"तू पहिलाच ना घरातला? तुझ्याकडे नापास व्हायची चैन आहे का?"

नव्हती. तरी मी दुसरा आलेख घातला. आधीच्या पानावर लिहिलं की पहिल्या चाचणीवरून पडद्याबद्दल काढलेला निष्कर्ष माझा होता आणि तो चूक होता. सरांनी ते पान वाचलं आणि सही केली. सही फार लहान होती.

शेठची बाटली मी घराच्या खिडकीत ठेवली होती. शेजारी दुसरी, तसल्याच साध्या जवसाच्या तेलाची, त्यात माझा लाल अर्क घातलेला. ही चाचणी नव्हती. लाल रंगाने खिडकीतला काही उजेडही अडवला असेल, हे मला माहीत होतं. पण बघावंसं वाटलं. एका सकाळी आईने झाडताना दोन्ही बुचं काढून हुंगली. लाल बाटली परत ठेवली. शेठची लांब धरली आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो कुजका वास न्हाय हां," ती म्हणाली. "कुजला तं मांस कुजतं. ह्यो खवाट हाय. तेल मेलं."

शेठनी पाजायला सांगितलेलं ते तेल मी मोरीत ओतलं. दोन दिवस मोरीला वास येत होता. आई चिंचेने मोरी घासत राहिली.

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मी चूक कबूल केलेलं पानच पहिलं उघडलं आणि विचारलं, "हे स्वतःहून लिहिलंत?" मी हो म्हणालो. त्यांनी पान उलटलं, मला वाटलं आता नापास.

सरांचा फोन आला तेव्हा मी चौकात बसची वाट बघत होतो. पास झालो होतो. मी आभार मानले आणि वाक्याचं विचारलं.

"हो, ते," सर म्हणाले. "शेठनी लेबल बदललंय. वाक्य काढलं."

"प्रबंध वाचला त्यांनी?"

सर थोडे थांबले. "नाही रे. शांती नगरच्या दुकानांतून बाटल्या परत आल्या. लोक म्हणाले, वास येतो."